स्वस्त मजूर, महाग खुरपणी

समजा, गेवराईकडे तुमची कपाशी आहे. सरावाच्या बायका लावल्या, तर खुरपणीला १० रोज लागतात. रोजाला ३०० रुपये, म्हणजे खर्च ३,००० रुपये. यंदा २५० रुपयांत नवखी माणसे मिळाली. पण काम उरकायला लागले १४ रोज. मजुरी गेली ३,५०० रुपये!

असे का झाले? १४ रोजांवर पन्नास-पन्नास वाचले, ते ७०० रुपये. ही दरातली तफावत. जादा ४ रोज ठरल्या दराने १,२०० रुपयांचे. ही कार्यक्षमतेतली तफावत. वजा जाता तोटा ५०० रुपये. काम १२ रोजांत उरकले असते, तर बरोबरी झाली असती.

मात्र मजुरांना बोल लावण्याआधी रान पाहा. पावसाने तण माजले असेल, तर सरावाच्या बायकांनाही १० रोज पुरले नसते.