हयातीचा दाखला आणि त्रेपन्न शब्दांचं वाक्य

नोव्हेंबर उजाडला की बँकांच्या आणि कोषागारांच्या फलकांवर एक कागद दिसू लागतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा आपण हयात असल्याचं कळवायचं, एवढाच त्याचा विषय. फलकासमोर चष्मा सावरत उभी असलेली माणसं सत्तरी-ऐंशीतली असतात. त्यांतल्या कुणी शाळा चालवली, कुणी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, कुणी पतीच्या मागं कुटुंब निवृत्तिवेतनावर घर सांभाळलं. त्यांच्यासमोर जो मजकूर येतो, त्याचा नमुना साधारण असा. तो कुठल्या एका कार्यालयाचा नाही, परिपत्रकांत सर्रास आढळणारे शब्दप्रयोग एकत्र करून इथे मांडला आहे:

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, या कार्यालयामार्फत निवृत्तिवेतन आहरित करणाऱ्या सर्व निवृत्तिवेतनधारक व कुटुंब निवृत्तिवेतनधारक यांनी आपला हयातीचा दाखला विहित नमुन्यात विहित मुदतीत म्हणजेच दिनांक ३०/११/२०२५ पर्यंत संबंधित बँकेत सादर करणे अनिवार्य असून, सदर बाबतीत कसूर केल्यास माहे डिसेंबरपासूनचे निवृत्तिवेतन स्थगित करण्यात येईल व त्याबाबतची सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.’

एकच वाक्य, शब्द त्रेपन्न. वाचणाऱ्यानं काय करायचं ते सांगणारा ‘सादर’ हा शब्द तिसाव्या जागी येतो. तोवर ‘उपरोक्त’, ‘विषयान्वये’, ‘आहरित’, ‘विहित’ हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं.

ही भाषा आली कुठून? महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६०मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झालं आणि १९६४च्या राजभाषा अधिनियमानं सरकारी कामकाजाला मराठीचा कायदेशीर पाया मिळाला. तोवर कचेऱ्यांच्या फायली इंग्रजीत चालत. हजारो पदनामं आणि संज्ञा मराठीत घडवण्याचं काम त्या पिढीनं जिद्दीनं केलं, आणि ते आवश्यकच होतं. ‘संचालक’, ‘परिपत्रक’ हे शब्द आज कुणाला अडत नाहीत. अडचण झाली ती वाक्यांची. इंग्रजी कारकुनी पत्रातलं ‘आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट’ हे वळण ‘कळविण्याचे निदेश आहेत’ असं होऊन आलं, आणि ‘द अंडरसाइन्ड’ झाला ‘अधोस्वाक्षरीकार’. शब्द मराठी झाले, वाक्याचा सांगाडा मात्र जुन्या साहेबी पत्राचाच राहिला.

अनेकांना वाटतं, संस्कृत शब्द काढून टाकले की भाषा सोपी होते. तसं होत नाही. ‘हयात’, ‘दाखला’, ‘मुदत’ हे तिन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आले आणि खेड्यातल्या आजीलाही कळतात. ‘कसूर’ही त्याच वाटेनं आला, पण आज तो नोटिशीबाहेर क्वचितच ऐकू येतो. उलट ‘प्रमाणपत्र’ संस्कृत घडणीचा असून रोजच्या बोलण्यात रुळला आहे. शब्दाचं कूळ पाहण्यापेक्षा तो आज कुणाच्या तोंडात आहे हे पाहावं लागतं. ‘आहरित करणाऱ्या’ची गोष्टही अशीच. ‘आहरण व संवितरण अधिकारी’ हे पदनाम लेखाशाखेत रोज वापरलं जातं, त्यामुळे लेखनिकाला तो शब्द साधा वाटतो. निवृत्त शिक्षिका मात्र निवृत्तिवेतन ‘घेते’.

दुरुस्तीला हात घालायचा तर शब्दांआधी क्रियापद पाहावं. परिपत्रकाची खरी गाठ ‘-ण्यात येणे’ या रचनेत असते. ‘स्थगित करण्यात येईल’: कोण करणार? बँक की कोषागार? ‘कळविण्यात येते’: कोण कळवतं? या रचनेत करणारा दिसेनासा होतो. ज्याचं निवृत्तिवेतन थांबलं त्याला नेमका तोच शोधायचा असतो. कोषागारानं थांबवलेले पैसे विचारायला माणूस बँकेच्या खिडकीसमोर दोन तास उभा राहतो, कारण कागदावर ‘कोषागार’ हा शब्द कर्ता म्हणून कुठे आलेलाच नसतो. म्हणून सुधारताना प्रत्येक ‘-ण्यात येते’वर बोट ठेवून ‘कोण?’ असं विचारायचं आणि उत्तर वाक्याच्या सुरुवातीला आणायचं. उत्तर मिळालं नाही, तर दोष भाषेपुरता नाही. कार्यालयातच ते काम कुणाचं हे ठरलेलं नाही, हे तिथे उघड होतं.

दुसरी गाठ ‘संबंधित’ या शब्दाची. ‘संबंधित बँकेत’ म्हणजे कुठल्या? ज्या शाखेत निवृत्तिवेतन जमा होतं तिथे. मग तसंच लिहायचं. ‘जबाबदारी संबंधितांची राहील’ यातला संबंधित तर वाचणारी आजीच असते, पण तिला ‘आपण’ म्हणण्याऐवजी तिच्याविषयी त्रयस्थपणे बोललं जातं. समोरच्या वडीलधाऱ्या माणसाशी मराठीत आपण असं बोलत नाही. ‘आपण’ म्हणतो.

‘विहित नमुना’ म्हणजे ठरवून दिलेला फॉर्म. तो कुठे मिळेल हे न सांगता नुसतं विहित म्हटलं, तर वाचणारा फॉर्म शोधत फिरतो. ‘उपरोक्त’ आणि ‘सदर’ बहुतेक वेळा नुसते खोडले तरी काही बिघडत नाही, कारण विषय वर लिहिलेलाच असतो. ‘माहे डिसेंबर’मधला ‘माहे’ही तसाच जातो.

तारखेकडे मात्र थांबून पाहायला हवं. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी रविवार होता. २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी, २९ तारखेला कोषागार बंद. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, पण हा पाचवा शनिवार होता, तेव्हा बँका सुरू. ‘३०/११/२०२५ पर्यंत’ या एका आकड्यामागे हे सगळं दडलेलं होतं. शेवटच्या दिवशी जाऊ असं ठरवणारा माणूस रविवारी बंद दारासमोर उभा राहिला असता. स्पष्ट लिहिणं म्हणजे लिहिणाऱ्यानं हा हिशेब करून ठेवणं. वाचणाऱ्यावर तो सोडायचा नाही.

‘करावे’ हे रूपही जपून वापरायला हवं. कचेरीच्या भाषेत ‘सादर करावे’ म्हणजे आज्ञा. घरी ‘सकाळी थोडं चालावं’ हा सल्ला असतो. एकाच परिपत्रकात ‘दाखला द्यावा’ आणि ‘शक्य असल्यास मोबाइल क्रमांक द्यावा’ असं दोन्ही आलं, तर पहिलं सक्तीचं आणि दुसरं ऐच्छिक हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? सक्तीच्या गोष्टीला ‘देणं आवश्यक आहे’, ऐच्छिक गोष्टीला ‘हवं असल्यास देऊ शकता’ असं स्वच्छ लिहिलं की प्रश्न मिटतो.

राहता राहिला शेवटचा तुकडा: ‘कसूर केल्यास… सर्वस्वी जबाबदारी… गांभीर्याने नोंद घ्यावी.’ माणूस जिवंत आहे की नाही हे विचारणाऱ्या कागदात धाकाचा सूर फार बोचतो. आणि त्या सुरात माहिती अपुरी पडते. दाखला उशिरा दिला तर पुढं काय, हेच त्यात नाही. पैसे कायमचे गेले का? थांबलेले मिळतील का? घाबरलेल्या माणसाला हे आधी हवं असतं. परिणाम सांगायलाच हवा, पण त्याच्या शेजारी उपायही हवा.

हे सगळं धरून तोच मजकूर पुन्हा लिहिला, तर असा होतो:

‘विषय: हयातीचा दाखला शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५पर्यंत देण्याबाबत

आपण या कोषागारातून निवृत्तिवेतन किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेत असाल, तर यंदाचा हयातीचा दाखला देणं आवश्यक आहे. आपलं निवृत्तिवेतन ज्या बँक शाखेत जमा होतं, तिथे जाऊन आमच्या यादीत आपल्या नावापुढे सही करावी लागेल. जाताना ओळखपत्र आणि पासबुक सोबत न्या. घरबसल्या “जीवन प्रमाण” या सुविधेतून डिजिटल दाखलाही देता येतो.

शेवटची तारीख ३० नोव्हेंबर आहे, पण त्या दिवशी रविवार आहे. शनिवारी बँक सुरू असली तरी आमचं कार्यालय बंद असेल. काही अडचण आली तर आम्हाला मदत करता यावी, म्हणून शुक्रवारपर्यंत सही केलेली बरी.

दाखला मिळाला नाही, तर कोषागार डिसेंबरपासूनचं निवृत्तिवेतन थांबवेल. नंतर दाखला दिल्यावर ते पुन्हा सुरू होईल आणि थांबलेली रक्कमही मिळेल. आजारपणामुळे बँकेत जाणं शक्य नसेल, तर आम्हाला कळवा.’

खाली दूरध्वनी क्रमांक, कामाची वेळ आणि संदर्भासाठी शासन निर्णयाचा क्रमांक.

नव्या मजकुराची शब्दसंख्या जुन्याहून जास्त आहे, हे सहज लक्षात येईल. सोपं म्हणजे आखूडच, असं नसतं. इथे वाक्यं लहान झाली आणि आधी गाळलेली माहिती आत आली. बँकेच्या खिडकीवर पाच मिनिटं समजावून सांगण्यापेक्षा कागदावरच्या दोन जादा ओळी केव्हाही बऱ्या.

या कामाला मर्यादाही आहेत. अधिनियम, नियम, अधिसूचना यांचा मूळ मजकूर परिपत्रक लिहिणाऱ्यानं बदलायचा नसतो. न्यायालयात अर्थ लागतो तो त्या शब्दांचा. परिपत्रकात त्याचा आशय सांगायचा आणि क्रमांक-दिनांक अचूक द्यायचा. उत्साहाच्या भरात संदर्भच खोडला, तर पुढं अपील करणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ‘आणि’, ‘किंवा’ यांना धक्का लावताना तर फार सांभाळावं. ‘ओळखपत्र आणि पासबुक’चं ‘ओळखपत्र किंवा पासबुक’ झालं, तर कोणीतरी एकच कागद घेऊन हेलपाटा मारतो.

सुधारणेतही चुका होतात. जागोजागी ‘कृपया’ पेरून मजकूर आदराचा होत नाही. आदर ‘आपण’मध्ये, अडचणीचा आधीच विचार करण्यात आणि नाव-पद नीट लिहिण्यात असतो. काही ठिकाणी सोपं करायच्या नादात ‘सबमिट करा’, ‘व्हेरिफाय करून घ्या’ असं लिहिलं जातं. एक अवघड शब्द जाऊन दुसरा येतो, एवढंच. ‘बँक’, ‘फॉर्म’, ‘पासबुक’ कळतात, म्हणून ते ठेवायचे. ‘सबमिट’साठी ‘द्या’ आहेच.

मजकूर जमला की नाही हे पाहायला कार्यालयातलं माणूस उपयोगाचं नाही, त्याला उत्तर आधीच माहीत असतं. रांगेतल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना कागद एकदा वाचायला द्यावा, मग परत घेऊन विचारावं: तुम्ही आता कुठं जाणार, कधी, काय घेऊन, आणि राहून गेलं तर काय होईल? चारांपैकी ज्या प्रश्नाला त्या अडखळतील, तेवढीच ओळ पुन्हा लिहायची. बहुतेकदा अडतं ते ‘काय घेऊन’पाशी, कारण जुन्या नमुन्यात ते मुळी नव्हतंच.