‘या भाऊ’ की ‘आओ भाई’?

मलकापूरच्या स्टेशनबाहेर केळीची गाडी लागलीय. मुंबई-नागपूर मार्गावरचं हे गाव, त्यामुळे गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. कुणी वऱ्हाडी बोलतं, कुणी उर्दू, कुणी हिंदी, कुणी मारवाडी. गाडीवाले काका मात्र अडत नाहीत. एकाला म्हणतात, “या भाऊ!” दुसऱ्याला, “आओ भाई!” समोरच्यानं अजून तोंडही उघडलेलं नसतं. मग काकांना कळतं कसं?

खरं सांगू? त्यांना कळत नाही. ते अंदाज करतात! कपडे, टोपी, हातातली बॅग, शेजाऱ्याशी चाललेली कुजबुज, एवढ्यावरून. आणि अंदाज कधीकधी साफ चुकतो. टोपी पाहून काका म्हणाले, “आओ चाचा!” उत्तर आलं, “केळी कशी देल्ली भाऊ?” अस्सल वऱ्हाडी! काकांनी लगेच गाडी रुळावर घेतली, “घ्या ना, गोड हायेत.” म्हणजे पहिली हाक हा नुसता प्रश्न असतो, भाषा ठरते ती उत्तरावरून.

कॅनडातल्या माँट्रियल शहरात तर दुकानदार हा प्रश्न उघडच विचारतात. तिथं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चालतात, म्हणून ते म्हणतात, “बोंजूर-हाय!” गिऱ्हाईक “बोंजूर” म्हणालं की पुढचं बोलणं फ्रेंचमध्ये, “हाय” म्हणालं की इंग्रजीत. काहींना वाटलं, अशानं फ्रेंच मागं पडेल. म्हणून २०१७ साली तिथल्या क्यूबेक प्रांताच्या विधानसभेनं ठराव करून दुकानदारांना विनंती केली की, फक्त “बोंजूर” म्हणा. एका नमस्काराची एवढी चर्चा!

पण काकांना उत्तर येण्याआधीच अंदाज चुकल्याचं कळेल का? पुष्कळदा कळतं. २००९ साली शास्त्रज्ञांनी जगातल्या १० भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंद लागत होते. भाषेगणिक थोडा फरक होता, पण चुटकीसरशी उत्तर देण्याची रीत सगळीकडे तीच. म्हणून समोरचा क्षणभर थबकला, “अं?” म्हणाला किंवा नुसता हसला, तर हाक नीट पोचली नसेल. अर्थात, तो केळीचा भाव मनात जोखत असेल, असंही होऊ शकतं!

आता तुम्ही एक काम करा. ओळखीच्या दुकानात दुकानदाराला विचारून अर्धा तास बसा. वहीत तीन रकाने आखा: दुकानदाराची पहिली हाक, गिऱ्हाइकाचं पहिलं उत्तर, आणि शेवटी सौदा कोणत्या भाषेत झाला. नावं लिहू नका, फक्त भाषा लिहा. मग मोजा, भाषा किती वेळा बदलली आणि ती कुणी बदलली, दुकानदारानं की गिऱ्हाइकानं?