एका बिलात मावणारी गुणांची योजना

'दर शंभर रुपयांच्या खरेदीवर एक गुण, एका गुणाला एक रुपया सूट.' किराणा दुकानाच्या सदस्य कार्डाचा नियम बहुधा एवढाच असतो. ब्रिटनमध्ये टेस्कोने १९९५ साली देशभर आणलेल्या क्लबकार्डाचा हिशेबही याच प्रमाणात बसत असे: एका पौंडाला एक गुण आणि शंभर गुणांमागे एक पौंड.

तरीही गल्ल्यावर वाद होतात. दूध धरलं का? वरच्या पन्नास रुपयांचं काय? सूट याच बिलात की पुढच्या? दुकानदाराने व्हिडिओ करायला घेतला, की तो हे सगळे नियम एकामागून एक वाचून दाखवतो आणि पाहणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

त्यापेक्षा बिलच असं निवडावं, की नियम त्यातून आपोआप दिसतील. समजा, एका घराचं सामान २,८१० रुपयांचं झालं. त्यात १६० रुपयांचं दूध आहे. दुधावर दुकानदाराला फार थोडं सुटतं, म्हणून त्यावर गुण नाहीत. उरले २,६५० रुपये. कॅमेरा बिलावर स्थिर ठेवून दुधाची ओळ पेनाने खोडायची आणि खाली २,६५० लिहायचं. पूर्ण शंभर झाले सव्वीस, म्हणून कार्डावर २६ गुण. वरचे पन्नास सुटले, हे तिथेच बोलून टाकायचं.

आता दुसरं बिल. पुढच्या खेपेला ४८० रुपयांची खरेदी झाली, २६ वजा झाले, हातात ४५४ रुपयांचं बिल आलं. एवढ्यावर उदाहरण संपतं. 'भरघोस बचत' म्हणायची गरज नाही. सव्वीस रुपये सव्वीसच दिसू द्यावेत, म्हणजे ग्राहकाचा नंतर हिरमोड होत नाही.

हे सगळं पाऊण मिनिटात बसतं. उरलेल्या वेळात दोनच गोष्टी सांगाव्यात: उधारीवर गुण पैसे चुकते केल्यावर मिळतील आणि गुण कोणत्या तारखेपर्यंत चालतील. पुष्कळजण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे प्रत्येक आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस चोवीस तासांनी नाहीसं होतं, म्हणून व्हिडिओ नेहमीच्या गिऱ्हाइकांना वेगळाही पाठवावा.

पाठवण्याआधी तो एखाद्या काकूंना दाखवून विचारावं, "१,२३० चं बिल आहे, त्यात ६० चं दूध. गुण किती?" उत्तर ११ आलं, तर व्हिडिओ जमला. १२ आलं, तर दुधाची ओळ खोडताना नीट दिसली नाही. 'अकरा रुपये सत्तर पैसे' आलं, तर वरचे पन्नास सोडल्याचं कानावरून गेलं. जिथे चूक होते, तेवढाच तुकडा पुन्हा चित्रित करावा.