जोडी कशी लागते, क्रमांक कसा ठरतो

महाराष्ट्रात भरणाऱ्या बहुतेक खुल्या आणि वयोगटांच्या बुद्धिबळ स्पर्धा स्विस पद्धतीने खेळवल्या जातात. १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ही पद्धत वापरली गेली आणि तेव्हापासून तिला स्वित्झर्लंडचे नाव चिकटले. साखळी पद्धतीत प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळावे लागते. शंभर मुले असतील तर त्यासाठी ९९ फेऱ्या लागतील. बाद पद्धतीत निम्मी मुले पहिल्याच डावानंतर घरी जातात. स्विस पद्धतीत हरलेला खेळाडू बाहेर पडत नाही. तो शेवटच्या फेरीपर्यंत खेळतो, फक्त प्रत्येक फेरीत त्याच्यासमोर साधारण त्याच्याएवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी येतो. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला शून्य. सगळे डाव निकाली झाले तर एकच अपराजित खेळाडू उरायला ८ जणांत ३, १६ जणांत ४ आणि ३२ जणांत ५ फेऱ्या लागतात. त्यामुळे शंभर-सव्वाशे मुलांची स्पर्धाही ७ फेऱ्यांत उरकता येते.

पहिल्या फेरीआधी सर्वांची एक यादी तयार होते. ज्याचे रेटिंग जास्त तो वर आणि रेटिंग नसलेली मुले खाली. नवख्या मुलाचा आरंभीचा क्रमांक म्हणूनच मोठा असतो. त्यात त्याच्या खेळाविषयी कोणी मत दिलेले नसते. ही यादी मधोमध तोडून वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी अशा जोड्या लागतात. चाळीस जणांत १ नंबरची गाठ २१ नंबरशी पडते आणि २० नंबरची ४० नंबरशी. नव्या मुलाला पहिल्याच डावात अनुभवी खेळाडू भेटतो तो यामुळे. पुढच्या फेऱ्यांत हीच रीत समान गुणांच्या प्रत्येक गटात स्वतंत्रपणे लावली जाते. गटातली संख्या विषम झाली, तर एक जण खालच्या गटातल्या खेळाडूशी जोडला जातो.

दोन अटी मात्र सतत पाळाव्या लागतात. एकाच स्पर्धेत तेच दोघे पुन्हा समोरासमोर येत नाहीत, आणि पांढऱ्या-काळ्या मोहऱ्यांचा तोल शक्य तेवढा राखला जातो. सलग तिसऱ्यांदा तोच रंग देणे सहसा टाळले जाते. या अटी शेकडो मुलांसाठी एकाच वेळी सांभाळायच्या असल्याने हे काम आता संगणकावरची प्रणाली करते. पंच निकाल भरतात आणि प्रणाली जोड्या काढते. आपल्या मुलाला अवघड प्रतिस्पर्धी मुद्दाम दिला, असा संशय पालकांच्या मनात येतो तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे.

आठ खेळाडूंची तीन फेऱ्यांची छोटी स्पर्धा कागदावर मांडली, तर पुढचे सगळे डोळ्यांसमोर येते. खेळाडूंना त्यांच्या आरंभीच्या क्रमांकाने ओळखू. पहिल्या फेरीत १ विरुद्ध ५, २ विरुद्ध ६, ३ विरुद्ध ७ आणि ४ विरुद्ध ८ अशा जोड्या लागल्या. १, ३ आणि ४ अपेक्षेप्रमाणे जिंकले. ६ नंबरच्या मुलीने मात्र २ नंबरच्या मुलाला हरवले.

आता १, ३, ४ आणि ६ यांचा एक गुण आहे, तर २, ५, ७ आणि ८ शून्यावर आहेत. दोन्ही गट पुन्हा मधोमध तोडले की दुसऱ्या फेरीच्या जोड्या निघतात: १ विरुद्ध ४, ३ विरुद्ध ६, २ विरुद्ध ७, ५ विरुद्ध ८. यातल्या ३ आणि ६ या दोघांकडेही पहिल्या फेरीत पांढरी मोहरी होती, म्हणून दोघांचाही काळ्यावर हक्क आहे. अशा वेळी वरच्या क्रमांकाच्या खेळाडूची सोय आधी पाहिली जाते. ३ नंबरला काळी मिळाली आणि ६ नंबरला पुन्हा पांढरी. त्याची भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीत तिला काळी मिळणे पक्के झाले. या फेरीत १, ३, २ आणि ५ जिंकले.

तिसऱ्या फेरीत दोन गुणांवरचे १ आणि ३ समोरासमोर आले. एका गुणावरच्या गटात २, ४, ५ आणि ६ होते. तिथे २ विरुद्ध ५ आणि ४ विरुद्ध ६ अशा जोड्या लागल्या. २ आणि ६ आधी खेळलेले असल्याने त्यांची जोडी लागणारच नव्हती. तळाच्या पटावर ७ विरुद्ध ८. या फेरीत १, २, ६ आणि ७ जिंकले. १ नंबर तीन गुणांसह विजेता ठरला. त्याच्यामागे २, ३ आणि ६ हे तिघे प्रत्येकी दोन गुणांवर थांबले. ४, ५ आणि ७ यांचा एकेक गुण झाला आणि ८ नंबर शून्यावर राहिला.

दुसरे स्थान कोणाचे, हा प्रश्न इथून टायब्रेककडे जातो. मोठमोठ्या स्पर्धांनाही तो चुकत नाही. २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरमला झालेल्या ऑलिंपियाडच्या खुल्या गटात उझबेकिस्तान आणि आर्मेनिया या दोन्ही संघांचे १९ गुण झाले आणि सुवर्णपदक सरस टायब्रेकवर उझबेकिस्तानला मिळाले. वैयक्तिक स्पर्धांत सर्वाधिक वापरला जाणारा टायब्रेक म्हणजे बुकहोल्झ. ब्रुनो बुकहोल्झ यांनी तो १९३२ मध्ये सुचवला. खेळाडूने ज्यांच्याशी डाव खेळले, त्या सर्वांच्या स्पर्धेअखेरच्या गुणांची बेरीज म्हणजे त्याचे बुकहोल्झ गुण. डाव जिंकला की हरला, हे इथे पाहिले जात नाही. सारखेच गुण मिळवताना कोणाची वाट अधिक खडतर होती, एवढेच ही बेरीज सांगते.

३ नंबर हा ७, ६ आणि १ यांच्याशी खेळला. त्यांचे गुण अनुक्रमे १, २ आणि ३, म्हणून बेरीज ६. सहा नंबरच्या मुलीचे प्रतिस्पर्धी होते २, ३ आणि ४. त्यांचे गुण २, २ आणि १, म्हणून बेरीज ५. २ नंबरच्या मुलाला ६, ७ आणि ५ भेटले, ज्यांचे गुण २, १ आणि १. त्याची बेरीज ४. म्हणून दुसरे स्थान ३ नंबरला, तिसरे ६ नंबरला आणि चौथे २ नंबरला. शेवटचे दोन्ही डाव जिंकूनही २ नंबर मागे राहिला, कारण पहिल्याच फेरीत हरल्याने तो खालच्या गटात गेला आणि पुढे त्याला कमी गुणांचे प्रतिस्पर्धी मिळाले. सुरुवातीचा पराभव शेवटच्या पराभवापेक्षा महाग पडतो, याचे कारण हेच आहे.

या बेरजेची एक बाजू पालकांना फार खुपते. स्वतःचा डाव संपला तरी टायब्रेक स्थिर होत नाही, कारण आधीचे प्रतिस्पर्धी अजून खेळत असतात. समजा, तळाच्या पटावर ७ ऐवजी ८ नंबर जिंकला असता. दोन शून्य गुणांच्या मुलांमधला तो डाव. त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते. पण ७ नंबर शून्यावर राहिला असता तर ३ नंबरचे बुकहोल्झ ६ वरून ५ वर आले असते, आणि तो ६ नंबरच्या मुलीच्या बरोबरीला आला असता. यात ३ नंबरची काहीच चूक नाही. पहिल्या फेरीत ७ नंबर आपल्या वाट्याला यावा, असे त्याने ठरवले नव्हते.

असा अन्याय थोडा सौम्य करण्यासाठी ‘बुकहोल्झ कट १’ आहे. त्यात सर्वात कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी बेरजेतून वगळतात. वरच्या बदललेल्या परिस्थितीत ३ नंबरच्या बेरजेतून ७ चे शून्य जाते आणि ५ उरतात. सहा नंबरच्या बेरजेतून ४ चा एक गुण जातो आणि ४ उरतात. दुसरे स्थान ३ नंबरला. पण बुकहोल्झनंतरचा टायब्रेक कट १ ऐवजी सोनेबोर्न-बर्गर असेल, तर? त्यात हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे पूर्ण आणि बरोबरी झालेल्यांचे अर्धे गुण मोजतात. ज्यांच्याकडून हार झाली त्यांचे काहीच नाही. ३ नंबरने ७ आणि ६ यांना हरवले, म्हणजे ० अधिक २, एकूण २. सहा नंबरच्या मुलीने २ आणि ४ यांना हरवले, म्हणजे २ अधिक १, एकूण ३. आता दुसरे स्थान तिचे! डाव तेच, निकाल तेच, फक्त टायब्रेकचा क्रम वेगळा. म्हणून तो क्रम स्पर्धा सुरू होण्याआधी जाहीर झालेला असणे अत्यावश्यक आहे आणि पालकांनी माहितीपत्रकातली ती ओळ प्रवेश भरतानाच वाचावी. काही ठिकाणी आपसातल्या डावाचा निकाल सर्वात आधी पाहतात, पण वरच्या तिघांसारखे सगळे एकमेकांशी खेळलेले नसतील तर त्यातून बहुधा काही निष्पन्न होत नाही. chess-results.com वर निकाल पाहताना `TB1`, `TB2`, `TB3` असे स्तंभ दिसतात. ते याच क्रमाने लावलेले टायब्रेक होत, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच पानावर तक्त्याखाली दिलेला असतो.

खेळाडूंची संख्या विषम असेल, तर प्रत्येक फेरीत एकाला बाय मिळतो. तो सहसा तळाच्या गटात जातो, त्याचा पूर्ण गुण मिळतो आणि एकाच खेळाडूला दुसऱ्यांदा दिला जात नाही. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर वॉकओव्हरचा गुण मिळतो. अशा फेरीत प्रत्यक्ष डाव नसल्याने बुकहोल्झसाठी एक काल्पनिक प्रतिस्पर्धी धरून हिशेब केला जातो. म्हणून हाताने केलेली बेरीज आणि पानावरचा आकडा यांत फरक आढळला, तर आधी बाय किंवा वॉकओव्हर कोणाला होता ते पाहावे.

खरी चूक बहुतेक वेळा निकाल नोंदवताना होते. जिंकलेल्याच्या नावावर पराभव लिहिला जातो, किंवा बरोबरीची नोंदच होत नाही. नव्या फेरीच्या यादीत प्रत्येक नावापुढे आतापर्यंतचे गुण `Pts.` या स्तंभात छापलेले असतात. यादी लागताच पट क्रमांक आणि रंगाबरोबर तेही तपासावेत. फरक दिसला तर फेरी सुरू होण्यापूर्वीच पंचांना सांगावे. डाव सुरू झाल्यावर त्या फेरीच्या जोड्या सहसा मोडत नाहीत. गुणांची दुरुस्ती होते ती पुढच्या फेरीसाठी.

टायब्रेकचा परिणाम क्रमांकावर होतो, आणि माहितीपत्रकात तसे म्हटले असेल तर बक्षिसावरही. समान गुणांवरच्यांमध्ये रोख रक्कम वाटून द्यायची की सरस टायब्रेकवाल्याला पूर्ण द्यायची, हे आयोजक आधी ठरवतात. रेटिंगशी मात्र टायब्रेकचा काहीच संबंध नाही. ते प्रत्यक्ष खेळलेल्या डावांचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांचे रेटिंग एवढ्यावरच मोजले जाते, त्यामुळे दुसऱ्या स्थानावरून चौथ्यावर गेलेल्या मुलाच्या रेटिंगमध्ये त्या घसरणीने एका अंकाचाही फरक पडत नाही.