आधी गरम केलेला कप

फ्रेंचमध्ये बायकोला किंवा नवऱ्याला वाढदिवसाची चिठ्ठी लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपसूक कागदावर उतरतं: 'झ्वायो आनिव्हेर्सेर, मोनामुर'. त्यामागोमाग 'तू माझ्या आयुष्यातला प्रकाश आहेस'. व्याकरण चोख, पण पाकिटावरचं नाव बदललं तर ही चिठ्ठी कुणालाही चालेल.

गुळगुळीत झालेली वाक्यंही कधीतरी ताजी होती. कवयित्री रोझमोंद जेरार यांनी नाटककार एदमों रोस्ताँ यांच्यासाठी एक कविता लिहिली. कालच्यापेक्षा आज अधिक, पण उद्यापेक्षा कमी, अशी प्रेमाची मोजणी तिच्यात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लियों शहरातल्या एका सराफाने ती कल्पना बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांसह पदकावर कोरली आणि ती घरोघरी गेली. ज्या दोघांसाठी ती लिहिली होती, त्यांची ती उरली नाही.

म्हणून मला वाटतं, विशेषणं आधी बाजूला ठेवावीत आणि फक्त आपणच पाहिलेली एखादी सवय शोधावी. बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एखादा नवरा असं लिहील:

'ल मातँ, तु रेशोफ ता तास आव्हाँ दि व्हेर्से ल काफे. झ फॅ साँब्लाँ द दोर्मिर पुर आँताँद्र लो कुले. झ तेम.'

म्हणजे, 'सकाळी तू कॉफी ओतण्याआधी कप गरम करून घेतेस. मी झोपेचं सोंग घेतो, पाण्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

इथे साधा वर्तमानकाळ मोठं काम करतो. फ्रेंचमध्ये रोजची सवय त्याच काळात सांगतात, त्यामुळे आजची सकाळ आणि गेल्या कित्येक वर्षांच्या सकाळी एकाच क्रियापदात मावतात. 'तू किती नीटनेटकी' असं कुठेच म्हटलेलं नाही. कप ते सांगतो. आणि सोंगाची कबुली ही लिहिणाऱ्याने दिलेली खरी भेट आहे, कारण ते गुपित तिला आजवर ठाऊक नव्हतं.

शेवटच्या 'झ तेम'ला हात लावू नये. आपल्याला जोर द्यावासा वाटतो आणि आपण त्याला 'ब्यँ' जोडतो. 'ब्यँ' म्हणजे 'चांगलं', पण 'झ तेम ब्यँ' म्हटलं की प्रेमाचं पाणी होतं. अर्थ उरतो 'तू मला आवडतेस', एखाद्या मैत्रिणीला म्हणावं तसा. 'खूप' या अर्थाचा 'बोकू' जोडला तरी तेच होतं.

राहिलं संबोधन. पती-पत्नीत 'तु' चालतं, आपल्या 'तू'सारखंच. काही जुन्या वळणाच्या घरांत मात्र 'व्हू' टिकून आहे. राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांच्या पत्नी बर्नादेत त्यांना 'व्हू'च म्हणत. 'अहो'त किती जवळीक मावते हे मराठी घरांना सांगायला नको. तेव्हा घरात जे रोज तोंडी असेल तेच चिठ्ठीत लिहावं, आणि घडी घालून ती त्या कपाखाली ठेवावी.