दिवे मिचकले, पण चिलर का थांबला?

व्यापारी इमारतीतल्या निदान केंद्रात एमआरआयच्या इलेक्ट्रॉनिक्सला यूपीएसचा आधार असतो, तरीही कधी कधी जवळच्या वीजवाहिनीवर झाडाची फांदी पडली की तपासण्या थांबतात. दिवे क्षणभर मंद होतात, संगणक चालूच राहतात. थोड्या वेळाने एमआरआयचा हेलियम कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, कारण त्याला थंड पाणी पुरवणारा चिलर त्या क्षणीच थांबलेला असतो. वीज तर गेलेलीच नव्हती. झाला होता तो व्होल्टेज सॅग, म्हणजे व्होल्टेज नेहमीच्या ९० टक्क्यांखाली उतरून अर्ध्या आवर्तनापासून मिनिटभरापर्यंत तिथे राहणे. अशा वेळी मोठा यूपीएस घ्या, असा सल्ला मिळतो. माझ्या मते आधी चिलरच्या पॅनेलमधल्या एका छोट्या कॉइलकडे पाहायला हवे.

समजा, उपकेंद्राजवळ ११ किलोव्होल्टच्या एका फेजचा जमिनीशी थेट संपर्क झाला आणि त्या फेजचे व्होल्टेज शून्यावर आले. इमारतीचा ट्रान्सफॉर्मर बहुधा डेल्टा-स्टार जोडणीचा असतो. त्याच्या आतल्या बाजूचे प्रत्येक फेज-न्यूट्रल व्होल्टेज वरच्या बाजूच्या दोन फेजमधल्या फरकातून तयार होते. त्यामुळे इमारतीत एकही फेज शून्यावर जात नाही. दोन फेज ५८ टक्क्यांवर, म्हणजे २३० ऐवजी सुमारे १३३ व्होल्टवर येतात आणि तिसरा जसाच्या तसा राहतो. दोष दूर असेल तर घट कमी असते. संरक्षक रिले आणि ब्रेकर तो दोष तोडेपर्यंत, म्हणजे साधारण दशांश ते अर्धा सेकंद, ही स्थिती टिकते.

चिलरची मोटर चालू ठेवणारा कॉन्टॅक्टर त्या छोट्या कॉइलच्या चुंबकाच्या जोरावर मिटलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार एसी कॉन्टॅक्टरने ८५ टक्के व्होल्टेजवर नीट मिटले पाहिजे आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान सुटले पाहिजे. ५८ टक्के नेमके याच पट्ट्यात पडतात. म्हणजे कॉन्टॅक्टर सुटला तरी तो सदोष ठरत नाही. शिवाय सॅग लहरीच्या कोणत्या बिंदूवर सुरू झाला, यावरही तो सुटणे अवलंबून असते, म्हणून एकच यंत्र एकदा तगते आणि दुसऱ्यांदा थांबते. कॉन्टॅक्टर एकदा सुटला की चिलरच्या कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी लावलेला पुनःप्रारंभाचा विलंब काही मिनिटांचा असतो. दशांश सेकंदाची घट अशी मिनिटांच्या खोळंब्यात बदलते.

मग कॉइल न उतरणाऱ्या फेजवर जोडली तर? पण पुढचा दोष कोणत्या फेजवर येईल, हे कोण सांगणार? दोन फेजमध्ये जोडली तरी सुटका नाही. याच हिशोबात फेज-फेज व्होल्टेजपैकी दोन ८८ टक्क्यांवर राहतात, पण तिसरे ३३ टक्क्यांवर कोसळते. संपूर्ण चिलर यूपीएसवर घेता येईल. मात्र मोटरच्या सुरुवातीच्या प्रवाहासाठी तो अवाढव्य घ्यावा लागतो आणि बॅटऱ्यांचा खर्च कायमचा मागे लागतो. नियंत्रण परिपथाला मात्र जेमतेम काही शे व्होल्ट-अँपिअर लागतात. तेवढ्यासाठी छोटा स्थिर-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर किंवा छोटा यूपीएस पुरतो. यावर एक आक्षेप रास्त आहे. तीनही फेज ५८ टक्क्यांवर आले तर मोटरचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशावर येतो, आणि कॉन्टॅक्टर धरून ठेवला तरी मोटर मंदावते. म्हणून धरून ठेवण्याला अर्ध्या-एक सेकंदाची मर्यादा हवी आणि आपत्कालीन थांब्याचे बटण त्या आधाराच्या पलीकडे, थेट तोडणारे हवे.

दिवे लुकलुकण्याचे मोजमाप, म्हणजे फ्लिकर, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो या चौकशीत मिसळू नये. फ्लिकरमापकाचा पीएसटी हा आकडा १० मिनिटांतली डोळ्यांची तक्रार मोजतो. १ म्हणजे त्रासाचा उंबरठा, आणि मापकाच्या आत बसवलेले प्रारूप आहे ६० वॉटच्या तारेच्या दिव्याचे. लिफ्टमुळे व्होल्टेज मिनिटाला सात वेळा दीड टक्क्याने बदलले तरी पीएसटी १ पर्यंत जातो, पण त्याने चिलरचे काही बिघडत नाही. उलट, आठवड्यातून एकदा येणारा ५८ टक्क्यांचा सॅग आपल्या १० मिनिटांचा पीएसटी उंच दाखवतो, पण आठवड्याच्या अहवालात तो बहुतेक हरवून जातो. एलईडी दिव्यांच्या बाबतीत तर त्यांच्या ड्रायव्हरप्रमाणे अनुभव बदलतो. चांगला ड्रायव्हर हा चढउतार गिळतो, स्वस्त ड्रायव्हर तो वाढवूनही दाखवू शकतो.

म्हणून नोंदणीचे उपकरण मुख्य मीटरपाशी लावून भागत नाही. ते चिलरच्या पॅनेलमध्ये लावावे, प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला व्होल्टेज नोंदवावे आणि तिन्ही फेजबरोबर कॉइलच्या दोन टोकांमधले व्होल्टेजही पकडावे. कॉइलवर १३३ व्होल्ट दिसले आणि त्याच क्षणी मोटरचा प्रवाह शून्य झाला, तर गुन्हेगार सापडला. कॉइलचे व्होल्टेज थेट शून्यावर जाऊन प्रवाह तुटला, तर शोध फेज-तपासणी रिलेकडे वळवायचा, कारण तो असमतोल पाहताच, मोटर अजून फिरत असतानाही, परिपथ तोडतो.