केटी सोडवताना चालू सेमिस्टर बुडू नये

समजा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी तिसऱ्या सेमिस्टरला डेंग्यूने सुरुवातीचे पाच आठवडे घरी राहिली आणि एम-थ्रीत तिला 80 पैकी 21 मिळाले. मुंबई विद्यापीठाच्या 80-20 पद्धतीत पेपर पास व्हायला 32 लागतात. इंटर्नलमध्ये ती पास आहे. म्हणजे तिला अकरा मार्क कमी पडलेत, पण निकाल लागेपर्यंत चौथं सेमिस्टर सुरू झालेलं असतं.

अशा वेळी बहुतेक मुलं केटीच्या अभ्यासासाठी चालू लेक्चर बुडवतात. मला सर्वांत मोठा धोका इथेच वाटतो. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं, टर्म ग्रँट अडते, आणि एका पेपरापायी अख्खं सेमिस्टर हातचं जातं. म्हणून केटीला वेळ द्यायचा तो कॉलेज सुटल्यावरचा, रोज एक तास.

पहिलं काम उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवण्याचं. त्याची मुदत थोडी असते. बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, तर ते तिथेच दिसतं. रिव्हॅल्युएशनला टाकलं तरी केटीचा फॉर्म भरायचाच, कारण तो निकाल बऱ्याचदा फॉर्मची तारीख उलटल्यावर लागतो.

मग पेन्सिल घेऊन प्रत्येक गेलेल्या मार्काचं कारण लिहायचं. या मुलीचे लाप्लासचे प्रश्न कोरे आहेत. ती लेक्चरं बुडली होती. इन्व्हर्स लाप्लास तिने सुरू केलं, पण पार्शल फ्रॅक्शनपाशी अडली. फोरिये सिरीजला सूत्र बरोबर आहे, चूक इंटिग्रेशन बाय पार्ट्सच्या चिन्हात आहे. ही चूक आजारपणाची नव्हे, बारावीपासूनची आहे. इथे पुन्हा फोरियेच्या नोट्स वाचून काही होणार नाही. आठवडाभर नुसती इंटिग्रेशनं सोडवावी लागतील.

त्यानंतर लाप्लास: व्याख्या, शिफ्टिंग, t ने गुणणं आणि भागणं, एवढ्याला दोन आठवडे. ते हातात बसल्याशिवाय इन्व्हर्स आणि कन्व्होल्यूशनला हात लावू नये, कारण तिथे तीच सूत्रं उलटी वापरायची असतात. मित्राची वही उतरवून काढण्यात वेळ घालवू नका. सोडवलेलं उदाहरण झाकून तेच कोऱ्या कागदावर जमतं का, ते पाहा.

या पेपरात पहिला प्रश्न सक्तीचा असतो आणि उरलेल्या पाचांपैकी तीन सोडवायचे असतात. म्हणजे एकेका प्रश्नाला पाऊण तास. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा आणि दुसऱ्या कुणाकडून कडक तपासून घ्यावा. 45 च्या आसपास मिळू लागले की नवीन मॉड्यूल उघडायचं नाही. तो तास चौथ्या सेमिस्टरच्या विषयांना द्यायचा. 30 च्या पुढे सरकतच नसेल, तर सरांना गाठून नेमकी कुठली पायरी चुकते ते विचारायला हवं, आणि तेही पेपराला तीन आठवडे शिल्लक असताना.